चौकटीतल्या सहा ओळी

साताऱ्याच्या कचेरीच्या आवारात चिंचेखाली अर्ज लिहून देणारे चौघे बसत. त्यांपैकी अनंतराव मोघे यांची बैठक सगळ्यांत शेवटची होती, पण गर्दी तिथेच असे. एक घडवंची, दोन दौती, एक काळी आणि एक तांबडी, आणि मांडीवर पुठ्ठा. अंगात धुऊन धुऊन मऊ झालेला पांढरा कोट. लढाई सुरू झाल्यापासून त्यांच्यापुढे बहुतेक बायकाच येऊन बसत. खटाव, कोरेगाव, शिराळा, कडेगाव, कुठून कुठून येत. कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा पलटणीत गेलेला असे, आणि कागदाशिवाय त्याच्यापर्यंत पोचायची दुसरी वाट नसे.

अर्ज लिहिणारा मनुष्य आपला अर्ज पुढे कुठे जातो याचा फारसा विचार करीत नाही. अनंतराव करीत. सैनिक मदत कचेरीतला कारकून दोन पानांच्या अर्जाचा अर्ध्या पानाचा गोषवारा करतो. आतल्या टेबलावर त्या अर्ध्या पानाच्या इंग्रजीत चार ओळी होतात. आणि पलटणीच्या रेकॉर्ड कचेरीकडे महिन्याचा तक्ता जातो तेव्हा त्या चार ओळींची एक ओळ होते. साहेबासमोर येते ती ही एक ओळ. मूळ अर्ज साताऱ्याच्या दप्तरात बांधलेलाच राहतो. हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. एकदा एका कृष्णातचा अर्ज दुसऱ्याच कृष्णातच्या नावावर गेला, कारण दुसऱ्या गोषवाऱ्यात त्याचा शिपाई नंबर गळला होता. तेव्हा त्यांनी कारकुनांना चहा पाजून हा सगळा प्रवास विचारून घेतला.

त्यानंतर त्यांनी आपली चौकट काढली. अर्जाच्या अगदी वर, 'मेहेरबान' या शब्दाच्याही आधी, तांबड्या शाईने आखलेली. तिच्या डोक्यावर लिहिलेले असे: 'खालील बाबी प्रत्येक गोषवाऱ्यात जशाच्या तशा उतरवाव्यात, गाळू नयेत, बदलू नयेत.' आणि खाली सहा ओळी. नंबर, हुद्दा, पलटणीतल्या पटावर आहे तसे नाव, बापाचे नाव, गाव व टपाल, अर्जदाराचे नाव व नाते. सहाच्या वर सातवी ओळ ते घालीत नसत. यादी लांबली की कारकून यादीचाच गोषवारा करतो, असे ते म्हणत, आणि ते खरे होते.

चौकटीचा गुण लवकर दिसू लागला. मदत कचेरीतले हेडक्लार्क गंगाधरपंत चेष्टेने म्हणत, "मोघे, तुमची चौकट आली की आमच्या पोरांना डोकं घरी ठेवून येता येतं. नुसतं उतरवायचं!"

"डोकं घेऊन आले की घोटाळा करतात, म्हणून तर," अनंतराव म्हणत.

शेजारचे अर्ज लिहिणारे त्यांना 'चौकटराजे' म्हणू लागले. अनंतरावांना ते आवडे. घरी विनोदिनीबाईंना, म्हणजे पत्नीला, ते हे नाव रागावल्यासारखे करून सांगत, आणि बाई न हसता म्हणत, "मग राजेसाहेब, पानं घेतली आहेत."

त्रेचाळीस सालच्या फेब्रुवारीत रंगूबाई मोहिते आली. गाव कडेगावच्या पलीकडचे. कडेगावपर्यंत बैलगाडी आणि पुढे सर्व्हिस मोटार करून आली होती. बरोबर दीर मानसिंग. तो सातवी शिकलेला, डोक्याला तांबडा फेटा, आणि वहिनीच्या आधी बोलायची सवय.

"बंधू पलटणीत हाय आमचा," तो म्हणाला. "सयाजी. तिकडं वाळवंटात लढाईला हुता. आगस्टात तार आली, बेपत्ता म्हून."

"आन् जानेवारीत कार्ड आलं," रंगूबाई म्हणाली. तिने कमरेच्या पिशवीतून फडक्यात गुंडाळलेले कार्ड काढले, पण हातात दिले नाही. स्वतःच धरून दाखवले. इटलीतल्या कैद्यांच्या छावणीतून आलेले छापील कार्ड होते. मी सुखरूप आहे, एवढाच छापील मजकूर ठेवून बाकीच्यावर काट मारलेली, आणि खाली मोडीत सही. "ह्यो स बगा. ह्या स ला शेपूट काडतो त्यो. दुसरं कुणी असं काडत न्हाई."

"गावात लोक म्हणत्यात, कार्ड आदी टाकलं आसंल, बेपत्ता मागनं झाला आसंल," मानसिंग म्हणाला.

"लोकास्नी काय काम हाय दुसरं?" रंगूबाई म्हणाली. "आवं, आमाला काय बी नगं. सरकारनं त्येला कैदी म्हून लिव्हून घ्यावं आन् पत्त्या द्यावा. मला त्येला कागूद धाडायचा हाय. सासू हाय घरात, चंद्राबाई. ती रोज इचारती, पोराला कळलं का आमी वाट बगतोय त्ये?"

अनंतरावांनी अर्ज मन लावून लिहिला. तारेची तारीख, कार्डावरची तारीख, छावणीचा आकडा, सगळे काही मजकुरात आले. मूळ कार्ड द्यायला ती तयार नव्हती, म्हणून त्यांनी त्याची नक्कल करून अर्जाला टाचली. मग वाचून दाखवले. चौकटीतल्या सहा ओळी आधी वाचल्या, नेहमीसारख्या, जरा ठासून.

रंगूबाईने विचारले, "ह्ये वरचं कशाला?"

"खालचं कुणी कितीही छाटलं तरी हे शेवटपर्यंत जातं."

"मग त्यात लिव्हा की, त्यो जित्ता हाय म्हून."

"ते खाली आहे की बाई. सगळा अर्जच त्यासाठी आहे."

"खालचं छाटत्यात म्हंता न्हवं?"

मानसिंग हसला. "वैनी, त्यास्नी शिकवतीस व्हय?"

अनंतरावही हसले. चौकट पुरी झाली होती. सहाव्या ओळीखाली तांबडी रेघ ओढून झाली होती, ती सुकलीही होती. सातवी ओळ घालायची तर कागद नवा घ्यावा लागला असता. आणि सात ओळी म्हणजे त्यांच्याच नियमाचा भंग. त्यांना त्या क्षणी खरोखरच असे वाटले की गळायचे ते बारीकसारीक गळते. नंबर गळतात, बापाची नावे गळतात. अर्जाचा मुद्दा कोण कशाला गाळील?

"काळजी करू नका," ते म्हणाले. "मुद्दा कधी हरवत नसतो."

रंगूबाईने अंगठा उठवला. तिच्या मनगटातल्या हिरव्या बांगड्या कागदाला लागल्या आणि अंगठ्याची शाई थोडी फासली गेली. तेवढे त्यांना पुढे फार दिवस आठवत राहिले.

उत्तर जूनमध्ये गावी पोचले. ते कसे पोचले आणि काय झाले, हे रंगूबाईने नंतर त्यांना सांगितले, तेही विचारल्यावर.

लिफाफा मानसिंगने फोडला. घरातली सगळी ओसरीवर जमली होती. सासू चंद्राबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला डोळ्यांनी कमी दिसे, पण ऐकू चांगले येई. मानसिंगने खडा आवाज लावून वाचायला सुरुवात केली. नंबर बरोबर होता. हुद्दा बरोबर. 'सयाजी हणमंत मोहिते' बरोबर, गाव बरोबर, टपाल बरोबर. आणि पुढे: 'मयत शिपायाची विधवा रंगूबाई हिच्या चौकशीबाबत कळविण्यात येते की...' मानसिंगचा आवाज थांबला, पण तोवर तो शब्द वाचून झाला होता.

"एक बी आकडा चुकला न्हवता," रंगूबाई म्हणाली. "म्हून सासूला पटलं. समदं खरं हाय, मग तेवडंच खोटं कसं आसंल?"

आयाबाया आल्या. बांगड्या फोडायला हात पुढे कर म्हणाल्या. रंगूबाईने दोन्ही हात काखेत धरले आणि माजघरात जाऊन कार्ड छातीशी घेऊन बसली. "माज्याकडं कार्ड हाय," एवढेच ती म्हणत होती. गावाने तिला निर्लज्ज ठरवले. पण चंद्राबाईने सुनेला बोल लावला नाही. ती भिंतीकडे तोंड करून निजली आणि तिने भाकरी सोडली. दूध पाजले तर ओठ मिटून घेई. आषाढात ती गेली. म्हातारी होती, झिजलेलीच होती, असे सगळे म्हणाले.

पंधरा दिवसांनी रंगूबाई पुन्हा साताऱ्याला आली, या वेळी एकटी. घडवंचीसमोर बसली, सासू गेल्याचे एका वाक्यात सांगितले आणि तो कागद ठेवला. अनंतरावांनी वाचला. ते उठले, तिला बसायला सांगितले, आणि तडक मदत कचेरीत गंगाधरपंतांपुढे गेले.

"मला मोहित्यांचं प्रकरण पाहायचंय."

"बाहेरच्याला दाखवता येत नाही, मोघे."

"पंत, त्या बाईची सासू गेली."

गंगाधरपंतांनी त्यांच्याकडे पाहिले आणि दप्तर सोडले. दोघांनी उभ्यानेच एकेक कागद पाहिला. पहिल्या गोषवाऱ्यात चौकट अक्षरशः उतरलेली होती. तिच्याखाली होते, 'पती बेपत्ता. नंतर कार्ड आल्याचे सांगते. पत्ता मागते.' टाचलेली नक्कल या कागदापाशीच राहिली होती. पुढे गेलीच नव्हती. दुसऱ्या, इंग्रजी गोषवाऱ्यात चौकटीतल्या सहाही बाबी होत्या. खाली मात्र एवढेच की पती बेपत्ता, बायको त्याची माहिती मागते. आणि तक्त्याच्या स्थळप्रतीत सहा बाबींचे सहा रकाने सुबक भरलेले होते. सातवा रकाना विषयाचा, बोटाएवढा. त्यात दोनच शब्द मावले होते: विधवेची चौकशी.

"नवा मुलगा होता तक्त्यावर," गंगाधरपंत हळू म्हणाले. "बेपत्ता आणि बायको माहिती मागते, म्हणजे... त्या महिन्यात तसलीच प्रकरणं आली होती फार. त्याने आपल्या मनाने भरलं. आणि तिकडच्यांनी आपलाच शब्द आपल्याला परत पाठवला." मग ते म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही, मोघे. चौकट बघा, एक अक्षर हललेलं नाही."

अनंतराव चौकटच पाहत होते. एक अक्षर हललेले नव्हते. तीन टेबले ओलांडून त्यांच्या सहा ओळी जशाच्या तशा गेल्या होत्या, आणि त्या ओळींनीच 'विधवा' या शब्दाला साक्ष दिली होती. चौकट नसती तर कागद मोघम आला असता, चंद्राबाईने कदाचित विश्वास ठेवला नसता.

ते परत चिंचेखाली आले. रंगूबाई तशीच बसली होती.

"बाई, चूक माझी आहे," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतं वर लिहा म्हणून. मी लिहिलं नाही."

तिने त्यांच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर त्यांना बरे वाटले असते.

"आता लिव्हा," ती म्हणाली.

त्यांनी नवा कागद घेतला. आधी तांबडी चौकट आखायची त्यांची सवय. या वेळी त्यांनी आधी यादी केली आणि रेघ नंतर ओढली. पहिल्याच ओळीत: 'शिपाई जिवंत. युद्धकैदी.' त्या शब्दाला कारकुनाने आपल्या मनाचा प्रतिशब्द शोधू नये म्हणून त्यांनी शेजारच्या शाळामास्तरांकडून इंग्रजी शब्द लिहून आणला आणि तसाच पुढे उतरवला. दुसऱ्या ओळीत कार्डाची तारीख व छावणीचा आकडा, आणि ती तारीख बेपत्ताच्या तारेनंतरची आहे हे. तिसरीत नंबर आणि हुद्दा एकत्र. चौथीत नाव आणि बापाचे नाव एकत्र. दोन ओळी कशाला लागत होत्या, हे त्यांना आता कळेना. पाचवीत गाव, टपाल आणि अर्जदार पत्नी. सहावीत: 'विषयाच्या रकान्यात फक्त पहिली बाब लिहावी.' सहाच ओळी झाल्या. नियमही मोडला नाही. फेब्रुवारीतही सहाच झाल्या असत्या. हे दिसले तेव्हा त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि चष्मा पुसला.

या वेळी अर्ज देऊन ते थांबले नाहीत. पहिला गोषवारा झाला तेव्हा गंगाधरपंतांनी त्यांना बोलावून दाखवला. दुसरा झाला तेव्हाही. तक्ता निघाला त्या दिवशी त्यांनी खिडकीतून रकाना पाहिला. बोटाएवढ्या जागेत बारीक अक्षरात 'जिवंत, युद्धकैदी' एवढे मावले होते.

श्रावणात उत्तर आले. सयाजी हणमंत मोहिते, युद्धकैदी, छावणी अमुक, पत्र पाठवण्याची रीत सोबतच्या छापील कागदावर. कचेरीने अनंतरावांमार्फत कळवायला कबुली दिली होती, म्हणून ते स्वतः कागद घेऊन कडेगावच्या मोटारीत बसले. पुढे दोन कोस चिखलातून चालले. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. ओसरीवर मानसिंग होता. तो त्यांना पाहून उठला, पण नेहमीसारखा बोलला नाही.

अनंतरावांनी उत्तर वाचले. आयाबाया पुन्हा जमल्या, या वेळी दारातच थांबल्या. रंगूबाईने पत्त्याच्या ओळी तीनदा वाचायला लावल्या. मग म्हणाली, "कागूद लिव्हा. आत्ताच."

छापील कागदावर मोजक्याच ओळी होत्या, आणि वर ताकीद, की यापेक्षा जास्त लिहिलेले जाणार नाही.

"आईचं काय लिहू?" अनंतरावांनी विचारले.

मानसिंगने जोत्यावरून पाय खाली सोडले आणि तो गोठ्याकडे निघून गेला.

"आई बरी हाय म्हून लिव्हा," रंगूबाई म्हणाली. "तिकडं एकटा हाय त्यो. तिथं रडाया सोताची भिंत तरी हाय का त्येला?"

"खोटं होईल, बाई."

"व्हय. लिव्हा."

त्यांनी लिहिले. मग दर महिना-दीड महिन्याने रंगूबाई साताऱ्याला येई, किंवा गावच्या कुणाकडून मजकूर सांगून पाठवी, आणि ते लिहीत. इटली पडल्यावर सयाजीला जर्मनीत नेले. पत्ता बदलला, ओळी तेवढ्याच राहिल्या. ऊस कसा आहे, म्हैस व्याली, मानसिंगचे लग्न ठरले. शेवटची ओळ नेहमी एकच: आई बरी आहे. दोन वर्षे ती ओळ त्यांनी आपल्या हाताने, आपल्या वळणदार अक्षरात लिहिली. एकदा विनोदिनीबाईंनी विचारले, "इतकी वर्षं दुसऱ्यांची पत्रं लिहिता, कधी एक कागद दोनदा लिहिलेला पाहिला नाही. या एका कागदालाच काय होतं?" अनंतरावांनी कागदाची घडी घातली. त्या पत्रांचे पैसे ते घेत नसत, आणि रंगूबाईही कधी देऊ करीत नसे. तिला ते समजले होते, असे त्यांना वाटे.

शेजारचे लोक त्यांना पुन्हा चौकटराजे म्हणाले तेव्हा ते इतकेच म्हणाले, "ते नाव नको." आता ते चौकट आखण्याआधी समोरच्या माणसाला विचारीत: यातली एकच गोष्ट साहेबाला कळायची असेल, तर कोणती? आणि तो सांगे ती, कितीही उघड वाटली तरी, पहिल्या ओळीत घालीत.

पंचेचाळीसच्या ऑगस्टात दुपारी एक उंच, वाळलेला माणूस चिंचेखाली येऊन उभा राहिला. अंगावर पलटणीचे कपडे, खांद्यावर रिकामे होत आलेले पोते.

"मोघे तुमीच का? मी सयाजी मोहिते."

अनंतराव उठायच्या आत तो वाकला आणि त्याने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. "रंगू म्हनली, तुमी नसता तर माजा पत्त्या लागला नसता."

म्हणजे तिने सांगितले नव्हते. पाय मागे घेता येईनात, आणि तसे उभेही राहता येईना. "उठा," ते म्हणाले. "पाया पडू नका. बसा. आधी ऐका."

त्यांनी सगळे सांगितले. फेब्रुवारीची सहा ओळींची चौकट, सुकलेली रेघ, बाईचे म्हणणे, आपले हसणे. बोटाएवढा रकाना. आई बरी आहे, ही ओळ. सयाजी गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होता. कैदेत माणसाला न हलता बसायची सवय होत असावी.

"आई गेल्याचं परवा कळलं," तो म्हणाला. "वय झालं हुतं म्हनली रंगू." मग त्याने विचारले, "त्यो कागूद आईला कुनी वाचून दावला?"

"मानसिंगने."

सयाजीने मान खाली घातली. "तरीच. मी आल्यापास्नं त्यो माज्या म्होरं उबा ऱ्हाईना. ताटावर बी बसंना." त्याने पोत्याची दोरी सोडली, पुन्हा बांधली. "त्येला वाटतंय त्येच्या वाचन्यानं झालं."

"चूक माझी. मी येऊन सांगतो त्याला."

"या," सयाजी म्हणाला. "तुमाला माफ कराया मी न्हाई आलो. मला ठावं बी न्हवतं. पर त्येला येऊन सांगा. त्येचं वज्जं तरी उतरू दे."

"आणि माझं?"

सयाजीने त्यांच्याकडे पाहिले. मग पोते उचलून खांद्यावर टाकले. मोटारीची वेळ झाली होती. अनंतरावांनी दौतींची झाकणे लावली, घडवंची शेजाऱ्याच्या हवाली केली, आणि त्याच्यामागून कऱ्हाडच्या मोटारीकडे चालू लागले. मोटारीत सयाजीने खिडकीची जागा त्यांना दिली.